बारा तारीख कुठे गेली?

शाळेत पालकसभेची नोटीस दोन भाषांत काढायचं काम अनेक वर्षं माझ्याकडेच आहे. वर मराठी, खाली उर्दू. मागच्या वर्षी जुलैत ती वर्डमध्ये मनापासून सजवली. तारखेवर पिवळा पट्टा ओढला, उर्दूला नस्तालीक फॉन्ट दिला, ओळींमधलं अंतर ठरावीक करून सगळं एका पानात बसवलं. मग सगळं निवडून कॉपी केलं, मेलच्या खिडकीत पेस्ट केलं आणि आधी स्वतःलाच पाठवून फोनवर पाहिलं.

फोन रात्रीच्या काळ्या रंगावर होता. पिवळा पट्टा जसाच्या तसा आणि त्यावरची अक्षरं पांढरी, त्यामुळे तारीख वाचता येईना. परिच्छेदांमध्ये मी न दिलेल्या मोकळ्या जागा. उर्दूची तर दैना. नस्तालीकचा शब्द तिरपा उतरतो, त्याला उंच ओळ लागते. मी ठरवलेलं अंतर कागदावर कसंबसं चाललं होतं. फोनमध्ये माझा फॉन्ट नव्हता, त्याने आपला दुसरा वापरला, अंतर मात्र माझंच ठेवलं. एका ओळीचे नुक्ते दुसरीच्या डोक्यावर चढले.

कारण कॉपी करण्यातच असतं. आपल्याला वाटतं, अक्षरं उचलली. खरं तर वर्ड एकाच मजकुराच्या दोन-तीन प्रती ठेवून देतं. एक नुसत्या अक्षरांची, एक सजावटीसकट वेबपानाच्या भाषेत. नेहमीचं `Ctrl+V` दाबलं की मेलची खिडकी सजवलेली प्रत उचलते. डोळ्यांना न दिसणारं असं काहीतरी सोबत येतं:

```
<p class="MsoNormal" style="margin-bottom:8pt;line-height:107%">
```

परिच्छेदाखालची ती 8 पॉइंटची जागा मी दिलेली नाही. वर्डच्या तयार साच्यातली ती मापं आहेत.

उपाय सोपा आहे. `Ctrl+Z` करून आलेलं काढायचं आणि `Ctrl+Shift+V` दाबायचं. क्रोम, एज, फायरफॉक्समध्ये याने नुसती अक्षरं येतात. ते जमलं नाही तर आधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून तिथून पुन्हा कॉपी करा. नोटपॅडमध्ये फॉरमॅटिंग बंद असेल तर सजावट राहत नाही. मेलमध्ये फॉरमॅटिंग काढायचं बटणही असतं, पण त्याने फॉन्ट आणि रंग गेले तरी परिच्छेदांमधली जागा कधी कधी राहते. म्हणून मी ते उरलेल्या किरकोळ कचऱ्यापुरतंच वापरतो.

तर मी स्वच्छ पेस्ट केलं, नोटीस साफ दिसली, खूश होऊन सगळ्या पालकांना पाठवून दिली. या वेळी फोनवर पाहिलं नाही.

शनिवारी, 5 जुलैला सकाळी दहाला एक आई शाळेच्या दारात उभ्या. शिवणकामाला जातात, त्या दिवसाची मजुरी सोडून आलेल्या. मी म्हटलं, "आपा, मीटिंग तो बारा को है." त्यांनी फोन पुढे केला. "सर, आपही ने तो लिखा है, हफ़्ते के दिन, दस से बारा."

मी लिहिलं होतं, "12 जुलाई बरोज़ हफ़्ता, वक़्त सुबह 10 से". स्वच्छ पेस्टने रंग गेले, अंतर गेलं, आणि त्यांच्यासोबत परिच्छेदाची उजवीकडून डावीकडे ही दिशाही गेली, कारण तीही सजावटीच्याच प्रतीत असते. खिडकीने ओळ डावीकडून मांडली. उर्दू शब्द आपसांत उजवीकडूनच राहिले, पण ओळीच्या सुरुवातीचा आकडा डाव्या टोकाला जाऊन बसला. उर्दू वाचणाऱ्यासाठी डावं टोक म्हणजे ओळीचा शेवट. म्हणून त्यांनी वाचलं, "जुलाई बरोज़ हफ़्ता, वक़्त सुबह 10 से 12". वाक्य इतकं नीट लागत होतं की शंका यायला जागाच नव्हती. तारीखच गायब, आणि सभा संपायची वेळ आपोआप तयार. त्यांच्याकडून काहीही चुकलं नव्हतं.

आता मराठी आणि उर्दू वेगवेगळं पेस्ट करतो, दोन्ही स्वच्छ. मग कर्सर उर्दूच्या परिच्छेदात ठेवून उजवीकडून डावीकडे लिहिण्याचं बटण दाबतो. जीमेलमध्ये ते दिसत नसेल तर सेटिंग्जमधून सुरू करावं लागतं. ठळक अक्षरं, लिंका स्वच्छ पेस्टमध्ये जातात, त्या हाताने पुन्हा द्यायच्या. आणि उर्दू ओळ आकड्याने सुरूच करत नाही. "तारीख़: 12 जुलाई" असं लिहितो. उर्दू शब्द आधी आला की दिशा हरवली तरी आकडा त्याच्यामागेच राहतो.

त्या आईंना मी सभेत काय सांगणार होतो ते तिथेच व्हरांड्यात बसून सांगितलं. बारा तारखेला त्यांना पुन्हा यायला लागलं नाही. गेलेली मजुरी मात्र गेली.