अम्मीची वही आणि अब्बांचा दालचा

अम्मीचा इन्तिकाल झाला तेव्हा पहिले तीन दिवस आमच्या बुटीबोरीच्या घरात चूल पेटली नाही. शेजारच्या घरांतून डबे येत होते. हा रिवाज आपल्याकडे सर्वत्र आहे आणि त्याला आधारही आहे. मुअताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची खबर मदिन्यात आली, तेव्हा पैगंबर साहेबांनी (स.) जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितले होते. ज्यांच्यावर असे दुःख कोसळले, त्यांना स्वयंपाकाचे भान कुठून राहणार?

चौथ्या दिवसापासून मात्र डबे कमी झाले. आम्ही तिघे भावंडे आठवडाभर थांबलो आणि मग आपापल्या गावी, आपापल्या नोकरीवर परतलो. अब्बांना सोबत चला म्हणून खूप विनवले. ते म्हणाले, "यह घर तुम्हारी अम्मी का है बेटा, बंद कैसे करूँ?" एमआयडीसीत तीस वर्षे फिटर म्हणून राबलेला हा माणूस. चहाखेरीज काही करता येत नव्हते. महिनाभर त्यांनी कधी खानावळीतून आणले, कधी दूध-पोळीवर भागवले. मग एक दिवस फोन आला, "तुम्हारी अम्मी की वह कॉपी मिली. पढ़ने नहीं आ रही."

वही म्हणजे शंभर पानांची शाळेची वही. कडेला तेलाचे डाग, मध्ये लग्नपत्रिकेचा तुकडा खूण म्हणून ठेवलेला. सारे उर्दूत. अब्बा मराठी शाळेत शिकलेले. कुरआन शरीफ ते रोज वाचतात, पण तिथे प्रत्येक अक्षरावर जेर-जबर असतात. घरगुती उर्दूत ते कुणी देत नाही. ज्याला शब्द आधीच माहीत आहे, तोच बरोबर वाचतो. आमच्यातली जी शाळेत उर्दू शिकवते, तिने पहिलाच फोटो पाहिला आणि अडचण कळली. 'काफ, टे, ये' या तीन अक्षरांत 'कटी' म्हणजे चिरलेली आणि 'कुटी' म्हणजे कुटलेली, हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. अब्बांनी 'कुटी अद्रक'चे 'कटी अद्रक' केले होते आणि आल्याचे जाड तुकडे घासागणिक दाताखाली येत होते.

मग ठरले की रोज रात्री इशानंतर फोनवर एक पान वाचायचे आणि अब्बांनी ते मराठीत उतरवून घ्यायचे. त्यांनी पहिला पदार्थ निवडला तो दालचा. लग्नात मोठ्या देगीत होणारा नाही, अम्मी शुक्रवारी करायची तो. पानावर लिहिले होते: चना दाल एक पाव, तूर दाल एक मुठ्ठी, इमली लिंबाएवढी, गोश्त आधा किलो, लौकी एक पाव. पुढे मसाला आणि बघार. खाली दोन ओळी, एवढेच.

अब्बा आयुष्यभर कारखान्यात कागदावर जे क्रमाने लिहिले असेल ते क्रमाने करत आले. त्यांनी डाळी भिजवल्या, इमलीचा कोळ काढला आणि डाळ, कोळ, गोश्त असे सारे कुकरमध्ये घालून सात शिट्ट्या केल्या. गोश्त बोटाने तुटत होते, पण चण्याची डाळ तशीच टणक. आणखी सहा शिट्ट्या दिल्या. रात्री फोन आला, "गोश्त गल गया, दाल गलीच नहीं. दुकानदाराने जुनी डाळ दिली."

दुकानदाराचा दोष नव्हता. आंबट पाण्यात डाळ शिजत नाही. दाण्याच्या पेशींना धरून ठेवणारा जो चिकट भाग उकळल्यावर विरघळायला हवा, तो आंबटपणामुळे घट्टच राहतो. लौकीचेही तसेच. म्हणून इमली सर्वात शेवटी. अम्मीने हे लिहिले नव्हते, कारण तिने वही स्वतःसाठी लिहिली होती. जे ती विसरू शकत होती, म्हणजे माप, तेवढेच तिने कागदावर ठेवले. जे तिच्या हाताला माहीत होते, ते लिहिण्याची तिला गरजच पडली नाही.

पुढच्या शुक्रवारी डाळ वेगळी शिजवली. थोडी सुधारली, पण दाण्याच्या पोटात पांढरा कण राहिलाच. तेव्हा आम्ही पानाच्या कडेला तिरके लिहिलेले दोन शब्द पुन्हा वाचले: 'मीठा पानी'. अब्बांनी ते आधीच वाचले होते आणि इमानदारीने डाळीत गुळाचा खडा टाकला होता! अम्मीला म्हणायचे होते नळाचे गोडे पाणी. आमच्या घरी बोअरचे पाणी जड आहे, बादलीच्या काठाला पांढरा थर धरते. तो थर देणारा चुनाही डाळीला मऊ होऊ देत नाही. अम्मी नळाला पाणी आले की एक घागर बाजूला भरून ठेवायची. आम्ही ती पिण्यासाठी समजत होतो.

मुठीचा घोळ राहिला होता. अब्बांच्या मुठीने तूर घातली की दालचा पिठल्यासारखा घट्ट व्हायचा. ईदला आम्ही सारे जमलो तेव्हा काट्यावर तोलून पाहिले. अब्बांची मूठ ऐंशी ग्रॅम भरली. आमच्यातल्या धाकटीचे हात अगदी अम्मीसारखे आहेत, तिची भरली पन्नास ग्रॅम. अब्बा बराच वेळ तिचा हात हातात धरून बसले. मग चष्मा पुसला आणि वहीत पेन्सिलीने लिहिले: 'तूर ५० ग्रॅम'.

आता त्यांची रीत ठरली आहे. दोन्ही डाळी तासभर भिजवून, नळाच्या पाण्यात हळद घालून शिजवायच्या. दाणा दोन बोटांत दाबून आत पांढरा कण नाही ना हे पाहायचे आणि मगच घोटायचे. गोश्त वेगळ्या भांड्यात कांदा, आले-लसूण, तिखट यांत भाजून शिजवायचे. दोन्ही एकत्र करून लौकीचे तुकडे टाकायचे. लौकीत सुरी सहज शिरली की इमलीचा कोळ, मग मंद आचेवर दहा मिनिटे. शेवटी गरम तेलात जिरे, लसूण, सुकी मिरची आणि कढीपत्त्याचा बघार. तो ओतला की लगेच झाकण.

चव अम्मीची आहे का? नाही. तिखट जरा जास्त असते आणि अब्बांना ते मान्य नाही. पण आम्ही घरी गेलो की आता आमच्यासाठी ताट तयार असते. हजरत आयशा (रजि.) यांना कुणी विचारले होते की, नबी (स.) घरी काय करत? त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. हे आम्ही वर्गात कितीदा सांगितले असेल. अब्बांना कुकर धुऊन, पालथा घालून, टोपी शोधताना पाहिले तेव्हा ते डोळ्यांसमोर उभे राहिले.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत एका घरातली बाई गेली. मागे नवरा आणि दोन मुलगे. पहिल्या तीन दिवसांत बरेच डबे आले असतील. अब्बांनी त्या दिवसांत काही नेले नाही. चौथ्या दिवशी ते फजरनंतर घागर भरून घेऊन आले, डाळ भिजवली आणि दुपारी डबा घेऊन त्या घरी गेले. परत आल्यावर त्यांनी आम्हाला फोन करून एवढेच सांगितले, "उसको पूछा मैंने, घर में कोई कॉपी है क्या? बोला, नहीं है. तो अपनीवाली की नकल उतारकर दे दो, मराठीत. और इमली का ऊपर ही लिखना, बड़े अक्षर में."