शिफारस नव्हे, गवाही

शिफारस हा शब्द मराठीत फारसीतून आला. आमच्या उर्दूतही ‘सिफारिश’ म्हटलं की वशिल्याचा वास येतोच. शिफारसपत्र वाचणाऱ्याच्या मनातही तोच संशय असतो. म्हणून पत्र लिहिताना मी स्वतःला सांगतो, आपल्याला गवाही द्यायची आहे. साक्षीदाराला ‘तो भला माणूस आहे’ एवढं बोलून भागत नाही. काय पाहिलं, कधी आणि कुठे, हे त्याला सांगावं लागतं.

इंदापूर तालुक्यातल्या उर्दू शाळेत माझ्यासोबत चार वर्षं काम केलेल्या एका तरुण शिक्षिकेला बारामतीत मराठी शिकवण्याच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. त्यांनी स्वतःच मसुदा करून आणला आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही फक्त सही करा.” मसुद्यात होतं: मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ, विद्यार्थीप्रिय. एकही शब्द खोटा नव्हता, पण त्यांचं नाव खोडून शेजारच्या वर्गातल्या बाईंचं घातलं असतं तरी पत्र तसंच उभं राहिलं असतं. पत्र तपासायची माझी हीच कसोटी आहे. नाव बदलूनही चालत असेल, तर ते पत्र त्या माणसाचं नाही.

मी त्यांच्याकडून दोन गोष्टी मागितल्या: जागेची जाहिरात आणि त्यांची टाचणवही. जाहिरातीत ‘मराठी लेखन सुधारण्याचा अनुभव’ असं होतं, म्हणून त्याच बाबतीत मी काय पाहिलं ते आठवलं. उर्दू लिपीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना वेगळी अक्षरं नाहीत. त्यामुळे आमची मुलं पाणीचं ‘पानी’ आणि शाळाचं ‘शाला’ लिहितात. मग मी असं लिहिलं:

“मी यांच्यासोबत एकाच शाळेत चार वर्षं काम केलं. त्यांचे पाचवीचे तास मी अनेकदा वर्गात बसून पाहिले आहेत. ‘ण’ आणि ‘ळ’च्या चुका त्या प्रत्येक मुलाच्या नावापुढे वहीत नोंदवत आणि रोज पहिली दहा मिनिटं फक्त त्याच शब्दांचं श्रुतलेखन घेत. सुरुवातीला २४ पैकी १७ मुलं या चुका करत होती. दोन महिन्यांनी तसली ६ उरली. त्या सहांसाठी त्यांनी वेगळे शब्द काढले.”

आकडे मी वहीतून पडताळूनच घातले. मुलाखतीत वही मागितली गेली, तर पत्र आणि वही जुळली पाहिजे.

उणीवही एक लिहिली: कागदपत्रं भरण्यात त्या मागे राहतात, गेल्या वर्षी मात्र महिनाअखेरचा तक्ता वेळेत आला. हे लिहिण्याआधी त्यांना विचारलं. ही ओळ पाहून त्या जरा नाराज झाल्या, पण उणीव खरी, कामापुरती आणि सुधारत असलेली असेल, तर बाकीच्या कौतुकावर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. जे मी पाहिलं नाही तेही लिहिलं: नववी-दहावीला शिकवताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

काही गोष्टी मुद्दाम गाळल्या. लग्न, मुलं, घरची परिस्थिती यांचा त्या जागेशी संबंध नाही. आणि एक वाक्य तर मी कधीच लिहीत नाही: ‘मुस्लिम असूनही मराठी उत्तम.’ लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटतं, पण त्यातला ‘असूनही’ मराठी त्यांची नाहीच असं गृहीत धरतो. त्यापेक्षा त्यांनी मराठीत काय केलं ते लिहावं, मग भाषा कुणाची हा प्रश्नच उरत नाही.

सहकाऱ्याबद्दल कसं लिहावं याचा एक जुना नमुना आपल्या भागातच आहे. १० ऑक्टोबर १८५६ रोजी आजारी सावित्रीबाईंनी माहेराहून, नायगावहून, जोतिबांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाविषयी ओझरता उल्लेख आहे. आपण नसताना तिच्यावर कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा आशय. विशेषण एकही नाही. तरी दोघींच्या कामाची वाटणी, वाढलेला बोजा आणि फातिमाचा स्वभाव, तिन्ही कळतं. सोबत काम केलेल्या माणसालाच असं लिहिता येतं.

म्हणूनच ज्याचं काम जवळून पाहिलेलं नाही, त्याला मी पत्र देत नाही. अशा वेळी स्पष्ट सांगतो, “तुमचा तास ज्यांनी पाहिलाय त्यांच्याकडून घ्या, माझ्या सहीने तुमचं नुकसान होईल.” पत्र एका पानाच्या आत ठेवतो, तारीख घालतो आणि खाली फोन नंबर देतो. फोन आलाच, तर पत्रात लिहिलं तेवढंच बोलता आलं पाहिजे.