जांभूळ, मीठ लावून

माझ्या मामेभावाचं, म्हणजे दादाचं, आइस्क्रीमचं छोटंसं दुकान आहे. फळ्यावर हंगामाची नवी नावं लिहायची वेळ आली की फोन मला येतो. (घरात ‘मराठी बरं’ असलेली मी एकटीच!)

हापूसचं फारसं अवघड नसतं. मे महिन्यात ‘ताजा हापूस’ लिहायचं आणि पावसाळा लागला की त्यातला ‘ताजा’ पुसून ‘मे महिन्यात काढून गोठवलेला रस’ असं लिहायचं. दादा थोडा कुरकुरतो, पण चव चांगली असते आणि लोक घेतातच.

खरी पंचाईत जांभळाची. यंदा वहिनीने जांभळं मीठ लावून चाळणीवर चोळली, बिया काढल्या आणि तो गर दुधाच्या मिश्रणात घातला. दादाने नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, ‘गर्द जांभळी जादू’. झाकण उघडलं तर आत राखाडीकडे झुकणारा फिकट रंग! जांभळाचा रंग आंबटपणावर खुलतो. दुधात तेवढा आंबटपणा नसतो, म्हणून तो मळकट होतो. शिवाय जांभळाचा तुरटपणा दुधातल्या प्रथिनांना चिकटून बसतो, त्यामुळे जिभेला तो जाणवतच नाही. म्हणजे ‘गर्द’ही खोटं आणि ‘जांभूळ’ही निम्मंच खरं.

"खायचा रंग घालू का थोडा?" दादा.
"मग फळ्यावर तेही लिहावं लागेल," वहिनी म्हणाली. तिथेच तो विषय संपला.

दुसऱ्या खेपेला तिने दूध काढूनच टाकलं. नुसता गर, साखरेचा पाक, लिंबू आणि चिमूटभर मीठ. लिंबाने रंग लालसर जांभळा राहिला. गारव्यात गोडी कमी लागते, त्यामुळे तुरटपणा आणखीच पुढे आला. पहिल्या चमच्याला जीभ ओढल्यासारखी होते, अगदी झाडाखालची जांभळं खाल्ल्यासारखी. मग मी लिहिलं:

‘जांभूळ, मीठ लावून. दूध नाही. तुरट आहे. जीभ जांभळी होईल.’

दादाला ‘तुरट आहे’ खटकलं. असं लिहिल्यावर कोण घेईल? पण मलईदार काहीतरी मिळेल म्हणून घेणारा माणूस पहिल्याच चमच्याला तोंड वाकडं करणार आणि परत येणार नाही, त्यापेक्षा त्याने आधीच चिकू घेतलेला बरा. ज्याला तुरट हवंय तो फळा वाचूनच हसतो. शाळकरी पोरं तर शेवटच्या तीन शब्दांसाठीच घेतात आणि एकमेकांना जिभा काढून दाखवतात.

आता सीताफळ येईल. त्याचा गर मुळातच रवाळ, आणि मला तोच शब्द लिहायचाय. वहिनी म्हणते, "ताई, आइस्क्रीमला रवाळ म्हटलं की लोकांना बर्फाचे खडे आठवतात." तिचंही खरंच आहे. सध्या ‘गराचे कण दाताखाली येतात’ इथपर्यंत आलोय, पण ते फळ्यावर एका ओळीत मावत नाहीये. सुचलं तर कळवा!