पॉट फिरवायचे दिवस

मे महिन्यात वाड्यात आईस्क्रीमचा पॉट निघाला, की पोरांची पाळी लागायची. लाकडी बादलीत बर्फ आणि जाडं मीठ, मधल्या डब्यात आटवलेलं दूध, साखर आणि आंब्याचा रस. हँडल जड झालं की एकजण गोणपाट टाकून वर बसायचा आणि दुसरा फिरवायचा. आत काय आहे, हा प्रश्नच नव्हता. दूध डोळ्यांदेखत आटलेलं असे. भीती एकच, झाकणातून मिठाचं पाणी आत शिरण्याची.

आता फ्रीजरमधून सातशे मिलिलिटरचा डबा काढतो. त्यावर हापूसचं चित्र असतं आणि चवीचं नाव ठळक अक्षरांत. आपण ‘आईस्क्रीम आणलं’ म्हणतो. डबा मात्र कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘फ्रोझन डेझर्ट’ म्हणत असतो. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार आईस्क्रीममधला स्निग्धांश दुधाचाच हवा, आणि साध्या आईस्क्रीममध्ये तो किमान १० टक्के. फ्रोझन डेझर्टमध्येही स्निग्धांश किमान १० टक्के असतो, पण तो वनस्पती तेलाचा चालतो. म्हणून नुसता टक्क्यांचा आकडा पाहून काही कळत नाही. तो कशाचा, हे पाहायचं.

त्यासाठी डबा उलटा करून घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. समजा, यादीत पाणी, साखर, खाद्य वनस्पती तेल आणि मग दुधाचे घन पदार्थ असा क्रम दिसला. इथे बरेचजण ‘दूध आहे की’ म्हणून निश्चिंत होतात. पण हे घन पदार्थ बहुधा साय काढलेल्या दुधाची भुकटी असते. स्निग्धता आली ती तेलातून, अनेकदा पामतेलातून. खऱ्या आईस्क्रीमच्या यादीत दूध, साय किंवा लोणी असतं आणि वनस्पती तेलाचं नाव नसतं. फ्रोझन डेझर्टच्या डब्यावर तेलाचा उल्लेख असलेली वेगळी ओळही छापावी लागते. ती सापडली की शंका उरत नाही.

बाकीच्या खुणा फसव्या. हिरवा ठिपका दोन्हींवर असतो. पॉटातलं आईस्क्रीम वाटीत पडताच पाघळायचं, म्हणून लवकर वितळतं तेच खरं, असं जुनी माणसं सांगतात. पण आता दोन्हींत घट्टपणा धरणारे पदार्थ घालतात. वजनाचंही तसंच. लिटरला किमान ५२५ ग्रॅम हा नियम दोन्हींना सारखा आहे.

फ्रोझन डेझर्ट म्हणजे भेसळ नव्हे. ते कायद्याने मान्य, वेगळं खाणं आहे. आवडलं तर खुशाल खावं. मात्र दुधाचे पैसे मोजताना डबा उलटा करून यादी वाचावी.