उद्या तिची मुलाखत आहे



आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात परीक्षेला किंवा नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या मैत्रिणीला दोन ओळी लिहायच्या झाल्या, तर पहिली अडचण शब्दांचीच येते. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, मराठी घरची. त्यामुळे हा घोटाळा मला चांगला माहीत आहे. हिंदीत मुलाखतीला ‘साक्षात्कार’ म्हणतात. मराठीत साक्षात्कार संतांना होतो. उलट मराठीतली ‘मुलाखत’ हिंदी कानाला नुसती भेटगाठ वाटते. आपण ‘यश मिळो’ लिहितो तेव्हा आपल्या मनात सफलता असते, पण हिंदीत यश म्हणजे कीर्ती. ‘चेष्टा’ हा शब्द तर जपूनच वापरावा. हिंदीत तो प्रयत्न आहे, मराठीत टिंगल. ‘तुझी चेष्टा सफल होवो’ असे कुणी प्रेमाने लिहिले, तरी मराठी घरात त्याचे काय होईल ते सांगायला नको.

सर्वात जास्त दिसतो तो ‘अभिनंदन’. हिंदीत अभिनंदन स्वागतालाही चालते, सत्कारालाही चालते, आणि काम फत्ते झाल्यावर ‘बधाई’ म्हणतात. मराठीत अभिनंदन काम झाल्यावरच करायचे असते. आधी द्यायच्या त्या शुभेच्छा. परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘हार्दिक अभिनंदन’ आले, तर मराठी वाचणाऱ्याला वाटते की निकाल आधीच लागला की काय! चुकीचे हसू येते हे खरे, पण पोटात गोळा आलेल्या मुलीला त्या वेळी हसू येतेच असे नाही.

हे सगळे आठवायचे कारण 2024 च्या सुरुवातीची एक गोष्ट. आपल्या शाळेतून शिकून गेलेल्या दोन मैत्रिणी, एक सौंसरची, एक पांढुर्ण्याची. दोघींनी बँकेच्या अधिकारी पदाचा, म्हणजे आयबीपीएसचा, फॉर्म एकत्र भरला होता. या भरतीत आधी पूर्वपरीक्षा असते, मग मुख्य परीक्षा, आणि शेवटी मुलाखत. पूर्वपरीक्षा दोघी पास झाल्या. मुख्य परीक्षेत पांढुर्ण्याची मुलगी थोड्या गुणांनी राहिली आणि सौंसरच्या मुलीला भोपाळहून मुलाखतीचे बोलावणे आले. एकीचा रस्ता पुढे गेला, दुसरीचा तिथेच थांबला. मैत्रीत याहून नाजूक जागा कमीच असतात.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी पांढुर्ण्याची मुलगी एका कागदावर सही घ्यायला माझ्याकडे आली होती. तिच्या हातात मोबाईल होता आणि चेहऱ्यावर विचार होता. मैत्रिणीचा निरोप आला होता, तो तिने मला दाखवला. तो असा होता: “उद्या सकाळी इंटरव्ह्यू आहे. छाती धडधडते आहे. आणि माझ्या मूळ निवासी प्रमाणपत्रावर जिल्हा छिंदवाडा आहे, आता तर आपला जिल्हा पांढुर्णा झाला. ते विचारतील का गं? काय सांगू?”

उत्तर म्हणून तिने तीन मजकूर तयार केले होते आणि एकही पाठवला नव्हता.

पहिला होता कुठून तरी आलेला, दिव्याच्या चित्राचा, दहा ओळींचा. त्यात वर सांगितलेला ‘हार्दिक अभिनंदन’ होताच. दुसरा होता: “तू तर पहिल्यापासून हुशार. तुझं सिलेक्शन पक्कं आहे.” तिसऱ्यात तिने मनातले लिहिले होते: “माझं तर झालं नाही, निदान तुझं तरी होऊ दे.”

“मॅडम, यातला कोणता पाठवू?” असे तिने विचारले. मी म्हटले, “अगं, तिने तुला काय विचारलंय ते आधी बघ.” तिने निरोप पुन्हा वाचला. जिल्ह्याचा प्रश्न तर तिघांपैकी एकाही उत्तरात नव्हता!

तिसरा मजकूर सर्वात खरा होता हे मला मान्य आहे. पण त्यात जाणारीच्या खांद्यावर दोघींचे ओझे येत होते. आधीच स्वतःच्या घरचे डोळे तिच्याकडे लागलेले, त्यात मैत्रिणीचे राहून गेलेलेही तिनेच भरून काढायचे. मुलगी समजूतदार, तिने ती ओळ स्वतःच पुसली. आपले दुःख मैत्रिणीला सांगावे, जरूर सांगावे, पण ती परत आल्यावर, चार दिवसांनी, चहा पिताना.

दुसऱ्या मजकुराबद्दल थोडे थांबून सांगते, कारण पालकही हेच म्हणतात. ‘तू हुशार आहेस’ हे ऐकायला गोड लागते. अमेरिकेत मुलर आणि ड्वेक या दोन मानसशास्त्रज्ञांनी पाचवीच्या मुलांवर काही प्रयोग केले होते, ते 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांना आधी सोपी कोडी सोडवायला दिली. मग काहींना ‘तुम्ही हुशार आहात’ असे सांगितले आणि काहींना ‘तुम्ही चांगली मेहनत केली’ असे सांगितले. त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, त्यांत सगळेच अडखळले. पुन्हा सोपी कोडी दिली तेव्हा हुशार म्हटलेली मुले मागे पडली आणि मेहनतीचे कौतुक झालेली पुढे गेली. एकदा हुशार ठरलो की प्रत्येक अडखळणे आपण हुशार नसल्याचा पुरावा वाटू लागते. बँकेच्या मुलाखतीत तीन-चार जण समोर बसलेले असतात आणि एखादा प्रश्न अडणारच. त्या क्षणी ‘पक्कं आहे’ हा शब्द आठवला तर तो काही आधार देत नाही.

मग ‘घाबरू नको’ लिहावे का? माझ्या मते तेही फार उपयोगाचे नाही. घाबरू नको म्हटल्याने कुणी घाबरायचे थांबले, असे मी तीस वर्षांत पाहिले नाही. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये एक काम छापले. गाणे, भाषण आणि गणिताची चाचणी यांच्या आधी काहींना ‘मी शांत आहे’ असे म्हणायला लावले आणि काहींना ‘मला उत्साह आला आहे’ असे. दुसऱ्यांचे काम अधिक चांगले झाले. धडधड दोन्हीकडे तीच असते. ती दाबण्यापेक्षा तिला दुसरे नाव देणे सोपे जाते. म्हणून मैत्रिणीला ‘धडधड होणारच, अंगात जोर आलाय त्याची ती खूण’ असे सांगितले तर ते तिला पटते, कारण ते तिच्या छातीत जे चालले आहे त्याच्याशी जुळते.

आता जिल्ह्याचे. पांढुर्णा जिल्हा ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झाला आणि सौंसर त्यात आले. त्याआधी काढलेल्या कागदावर छिंदवाडा असणारच. तो कागद खोटा होत नाही. कुणी विचारले तर एका वाक्यात सांगता येते. पण एकटीने विचार करत बसलेल्या मुलीला तेच वाक्य सुचत नाही, आणि म्हणूनच तिने ते मैत्रिणीला विचारले होते.

आणखी एक हिशोब मी तिला आठवून दिला. या भरतीत अंतिम यादी लावताना मुख्य परीक्षेला शंभरात ऐंशी आणि मुलाखतीला वीस असा वाटा असतो. म्हणजे मोठा भाग तिने आधीच देऊन टाकला आहे. ही दिलाशाची गोष्ट खरी होती, बनवलेली नव्हती. पण ती तशी लिहावी की नाही यावर आम्ही दोघी जरा अडलो. ती म्हणाली, “मॅडम, त्या ऐंशीतच तर माझं राहिलं.” तिच्या हाताने ती ओळ लिहवत नव्हती. मीही आग्रह केला नाही. जे आपल्या हाताने लिहवत नाही ते लिहू नये, वाचणाऱ्याला ते कळते.

शेवटी तिने जे लिहिले ते तिच्या परवानगीने इथे देते:

“अवं, धडधड होणारच, मला इथे बसून होऊन राहिली. अंगात जोर आलाय त्याची खूण समज. जिल्ह्याचं विचारलं तर एवढंच सांग, कागद जुना आहे, पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला. मला टक्केवारी समजत नव्हती तेव्हा तू संत्र्याच्या पेट्या धरून समजावली होतीस, एकेक पेटी करून. उद्या तशीच बोल. तुला यश मिळो. जाऊन ये. उत्तर देऊ नको, झोप.”

यात संत्र्याच्या पेट्यांचे वाक्य मला सर्वात आवडले. ते दुसरे कुणी लिहूच शकले नसते. हुशारीचे प्रमाणपत्र त्यात नाही. तिने मैत्रिणीला जे करताना डोळ्यांनी पाहिले, तेच सांगितले आहे आणि मुलाखतीत नेमके तेच करायचे असते. ‘जाऊन ये’ हे आपल्या घरांतले. दारातून निघणाराही ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो, आणि आजी हातावर दही-साखर ठेवते. ‘उत्तर देऊ नको’ हेही विचार करून लिहिलेले. आदल्या रात्री पंचवीस जणांना ‘थँक्यू’ लिहीत बसणे हे एक कामच होऊन बसते.

निरोप तिने संध्याकाळी आठला पाठवला. ही वेळ बरोबर आहे. सकाळी उशीर होतो, आणि परीक्षा असेल तर मोबाईल दाराबाहेरच जमा करावा लागतो. तिने तो वर्गाच्या जुन्या ग्रुपवर टाकला नाही, हेही बरे केले. मुलाखतीची गोष्ट सौंसरच्या मुलीने तिला एकटीलाच सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी तिने ‘कसा गेला?’ असे विचारले नाही. दुपारी उत्तर आले ते असे: “झालं. जिल्ह्याचं विचारलंच! पेट्यांसारखं सांगितलं. आता भूक लागली.”

एप्रिलमध्ये अंतिम यादी लागली. सौंसरच्या मुलीचे नाव त्यात नव्हते. त्या रात्री ती पांढुर्ण्याला मैत्रिणीकडे मुक्कामाला आली. मोबाईलमधला तो निरोप अजून तसाच होता, त्यातले एकही वाक्य खोटे ठरले नव्हते. पुढच्या भरतीचे फॉर्म निघाले तेव्हा दोघींनी ते पुन्हा एकत्र भरले.