नामावलीतले मास्टर

हिंदी चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्यांवरून छोटी भूमिका कोणी केली हे शोधणाऱ्याची खरी अडचण पहिल्या पाच नावांत कधीच नसते. ती असते त्यानंतर येणाऱ्या गर्दीच्या पाटीत. एकाच पाटीवर आठ-दहा नावं दाटीवाटीनं बसवलेली असतात आणि कुणासमोर पात्राचं नाव नसतं. इन्स्पेक्टर कोण, मुनीम कोण, पहिल्या दृश्यात गोळी खाऊन मरणारा कोण, हे ती पाटी सांगत नाही. मग शोधणारा क्रमाला चिकटतो. नाव वर आहे म्हणजे भूमिका मोठी, खाली आहे म्हणजे एखाद-दुसरं वाक्य, असा हिशेब मांडतो. हा हिशेब सोपा आहे म्हणूनच तो इतका टिकला आहे, पण तो मुळातच चुकतो.

नामावलीचा क्रम ठरतो तो करारानं, ज्येष्ठतेनं आणि मानापमानानं. ‘दीवार’ (१९७५) ज्याच्या खांद्यावर उभा आहे तो अमिताभ बच्चन पाटीवर शशी कपूरनंतर येतो, कारण त्या वेळी शशी कपूर ज्येष्ठ होता. प्राणचं नाव तर शेवटी, ‘आणि प्राण’ असं यायचं आणि ती शेवटची जागा मानाची होती. शेवटून पहिला आणि शेवटून दुसरा यांत केवढं अंतर असतं, हे ज्याला कळत नाही त्यानं पाट्या वाचूच नयेत. ‘स्पेशल अपिअरन्स’चंही तेच. ‘अंदाज’मध्ये (१९७१) राजेश खन्ना पूर्वस्मृतीतल्या मोजक्या वेळात येऊन जातो, तर ‘अंधा कानून’मध्ये (१९८३) पाहुणा म्हणून आलेला अमिताभ चांगला ऐसपैस वावरतो. दोघेही पाहुणेच. म्हणजे पाहुणेपण मिनिटांत मोजता येत नाही. ‘मी या चित्रपटाचा नायक नाही, आणि तरीही माझं नाव गर्दीत घालू नका’, एवढंच ते शब्द सांगतात. ‘इंट्रोड्युसिंग’ तर सरळ फसवा शब्द आहे. ‘शोले’त अमजद खानची ओळख करून दिली जाते, पण तो लहानपणी ‘अब दिल्ली दूर नहीं’मध्ये (१९५७) आणि नंतर ‘हिंदुस्तान की कसम’मध्ये (१९७३) छोट्या कामांत पडद्यावर येऊन गेला होता.

मग पाटी निरुपयोगी का? नाही. पाटी भूमिका सांगत नाही, पण माणसाची जात सांगते. जात म्हणजे इथं प्रकार: पाहुणा, नवखा, नर्तिका, लहान मूल. हा प्रकार एकदा हाती आला की गर्दी पातळ होते. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण ‘दीवार’मध्येच आहे. विजय आणि रवी या भावांच्या बालपणाची कामं दोन मुलांनी केली आहेत आणि नामावलीत मास्टर अलंकार आणि मास्टर राजू ही दोन नावं आहेत. दोन मुलगे, दोन मास्टर. इथवर पाटीनं आणून सोडलं. आता यातला बूटपॉलिशवाला, फेकलेले पैसे उचलायला नकार देणारा थोरला कोणता? पहिलं नाव थोरल्याचं असं समजून मोकळं होण्याचा मोह होतो. उत्तर योगायोगानं बरोबर येईलही, पण तो पुरावा नव्हे. पुरावा दुसऱ्या चित्रपटात आहे. गुलजारांच्या ‘किताब’मध्ये (१९७७) मास्टर राजूच मध्यवर्ती भूमिकेत आहे, त्यामुळे तो चेहरा आणि ते नाव यांची गाठ तिथं सुटण्यासारखी नाही. तो चेहरा घेऊन ‘दीवार’कडे मागे यावं. दोन वर्षांचं अंतर असलं तरी जिवणी आणि डोळ्यांची ठेवण बदलत नाही. राजू धाकटा रवी ठरतो, म्हणून अलंकार विजय. पण ‘म्हणून’वर थांबायचं नाही, कारण वजाबाकीनं काढलेलं उत्तर एक नाव चुकलं तरी चुकतं. ‘दीवार’च्याच वर्षीच्या ‘शोले’त ठाकूरचा नातू अलंकारनं केला आहे. तो चेहरा बूटपॉलिशवाल्या पोराशी ताडून पाहिला की दोन्ही बाजूंनी कुलूप लागतं.

एवढ्याशा गोष्टीसाठी तीन चित्रपट कशाला, माहितीच्या याद्या तयार आहेत की, असा आक्षेप येतो. पण त्या याद्या कशा बनतात? कुणी तरी पाटी वाचतो, क्रमावरून अंदाज बांधतो, दुसरा तो उतरवतो आणि तिसरा दोघांचा हवाला देतो. तीन ठिकाणी तेच लिहिलेलं आढळलं म्हणजे तीन साक्षीदार मिळाले असं होत नाही. केवळ चेहऱ्यावरून छातीठोकपणे नावं ठोकून देणारी एक जमात आहे, तिच्याबद्दल तर मला मुळीच आदर नाही. चेहरा ओळखता येणं आणि चेहऱ्याचं नाव ठाऊक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची नजर तेज असली तरी हा फरक त्यांना मंजूर नसतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पाटीवर नाव आहे, पण त्याचं दृश्यच कापलं गेलं असेल तर? तसं होतं. पाट्या तयार झाल्यावरही कात्री चालते. मग वजाबाकीत एक नाव उरतं आणि ते कुठल्या तरी अनोळखी हवालदाराला चिकटवलं जातं. यावर उपाय एकच. दुसऱ्या चित्रपटातली पक्की गाठ मिळेपर्यंत ते नाव मोकळं ठेवायचं.

शब्दांचं वय न कळल्यानंही घोटाळे होतात. ‘मास्टर’ म्हणजे मूल हा नियम १९७५ला चालतो, पण मागे गेलं की कोसळतो. मास्टर विनायक आणि मास्टर भगवान हे चांगले बाप्ये होते; तिथं ‘मास्टर’ हा मान होता. विनायकांची मुलगी नंदा लहानपणी पडद्यावर आली ती मात्र ‘बेबी नंदा’ म्हणून. म्हणजे एकाच घरात मास्टर मोठा आणि बेबी लहान. उलट ‘हा माझा मार्ग एकला’मधला मास्टर सचिन त्या उपाधीतून बाहेर पडला कधी, हे पाहिलं तर तारीख नसलेल्या चित्रपटाचा काळही अंदाजता येतो. नावंही स्थिर नसतात. सत्येन कप्पू आणि सत्येंद्र कपूर हा एकच नट. निवेदिता जोशी पुढे सराफ होते, प्रिया अरुण पुढे बेर्डे. हे ठाऊक नसलेला वाचक एका बाईच्या दोन करून ठेवतो आणि उरलेल्या एका भूमिकेसाठी तिसरीच शोधत बसतो.

आता तर घरच्या पडद्यावर सुरुवातीच्या पाट्या टाळण्यासाठी बटण असतं. ते दाबणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला गोष्ट बघायची आहे. पण या शोधात गुंतलेल्यांचा दोष त्याहून मोठा आहे आणि तो कबूल करायला हवा. रिकामी जागा आम्हाला सहन होत नाही. ‘हा कोण?’ असं कुणी विचारलं की ‘माहीत नाही’ म्हणताना जीभ अडखळते. एखादं नाव फेकलं की समोरचा चकित होतो आणि ते चकित होणं फार गोड लागतं. निम्म्या चुका पाटीमुळे होतात, उरलेल्या निम्म्या या गोडीमुळे. माझ्या टिपणांत आता पक्की गाठ नसलेल्या प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्ह आहे, आणि ती पानं दिसायला वाईट दिसतात.

एक विनंती आहे. चित्रपटगृहाबाहेर पूर्वी विकली जायची ती गाण्यांची चोपडी कुणाच्या माळ्यावर असेल तर ती रद्दीत घालू नका. तिच्यात कथासार असतं, कलावंतांची नावं असतात, आणि कधी कधी पडद्यानं सांगायचं टाळलेली गोष्ट, म्हणजे नावापुढे पात्राचं नाव, छापलेली असते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशा चोपड्या जपल्या जातात.