बंद रस्त्यांची यादी वाचा हो!

अहो, ती यादी वाचा! अनंत चतुर्दशी जवळ आली की पुण्याचे वाहतूक पोलीस बंद रस्त्यांची यादी काढतात ना, वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत छापून येते आणि आपण पान उलटतो, तीच! मी ती यंदा पहिल्यांदा सगळी वाचली आणि तेव्हापासून भेटेल त्याला धरून सांगत सुटलोय. आज तुम्ही सापडलात!

मी आंबोलीचा. आमच्याकडे सावंतवाडीला उतरायचं तर घाट एकच. दरड आली की रस्ता बंद, विषय संपला! गणपती घराघरांत, विसर्जन जवळच्या नदीवर नाहीतर ओहोळावर. त्यासाठी रस्ते कोण बंद करणार? त्यामुळे वाहतुकीच्या नियोजनातलं मला काहीएक कळत नाही, हे आधीच सांगतो. पण घरचा गणपती पोचवल्यावर मावसभावाने पुण्याची मिरवणूक बघायला बोलावलं आणि मी तयारी म्हणून यादी उघडली आणि मग बसल्या जागेवरून उठलोच नाही!

कारण त्या यादीत रस्त्याच्या नावापुढे वेळ असते. आणि प्रत्येक रस्त्याची वेळ वेगळी! लक्ष्मी रस्ता आणि शिवाजी रस्ता सकाळी साधारण 7 ला बंद. टिळक रस्ता 9 ला. केळकर रस्ता 10 ला. बाजीराव रस्ता, कुमठेकर रस्ता, शास्त्री रस्ता दुपारी 12 ला. आणि नदीपलीकडचे जंगली महाराज रस्ता, कर्वे रस्ता, फर्ग्युसन रस्ता थेट दुपारी 4 ला! मी म्हटलं, हे असं का? सगळे एकदम बंद करून का टाकत नाहीत?

मग नकाशा काढला, पेन्सिल घेतली आणि वेळेच्या क्रमाने एकेक रस्ता रंगवत गेलो आणि मग काय दिसलं सांगू? मिरवणूक दिसली! चालणारी मिरवणूक! ही नुसती बंदची यादी नाही हो, बाप्पाचं वेळापत्रक आहे!

बघा ना. मिरवणूक सुरू होते मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून, एरवी सकाळी साडेदहाच्या सुमाराला. मंडई शिवाजी रस्त्याला लागून आणि पुढची वाट लक्ष्मी रस्त्याची, म्हणून हे दोन सगळ्यांत आधी मोकळे करायचे. मग कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हे मानाचे पाच याच क्रमाने बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याने निघतात. पण मंडळं इतकी की एका रस्त्यात मावतच नाहीत! म्हणून बाकीची केळकर, कुमठेकर आणि टिळक रस्त्याने येतात आणि चारही रस्ते अलका टॉकीजच्या चौकात एकत्र होतात. आषाढात आमच्या डोंगरावरचे ओहोळ चहूकडून धावत येऊन एका नदीत पडतात ना, अगदी तस्सं! त्या चौकापुढे लकडी पूल आणि नदीकाठ. तिथे मानाचा पहिला गणपती पोचतो दुपारी चारच्या आसपास, आणि पलीकडचे रस्ते बंद कधी? 4 ला! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या!

आणि अंतर किती, तर मंडई ते अलका चौक जेमतेम दोन किलोमीटर! तेवढ्याला पहिल्याच गणपतीचे पाच-सहा तास! मागे ढोलताशाची पथकं आणि मंडळांची रांग. 2022 मध्ये पूर्ण मिरवणूक संपायला 31 तास लागले, एकतीस! म्हणून यादीत बंद व्हायची वेळ असते, उघडायची वेळ नसते. तिथे लिहिलेलं असतं, मिरवणूक संपेपर्यंत. हे दोन शब्द फार महत्त्वाचे! दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ते मोकळे असतील असं धरून परतीची गाडी ठरवलीत की फसलात.

आता यादीखालचा परिच्छेद. तो तर कोणीच वाचत नाही! त्यात वाहनांसाठी वर्तुळाकार मार्ग दिलेला असतो. नळ स्टॉप, विधी महाविद्यालय रस्ता, सेनापती बापट रस्ता, गणेशखिंड रस्ता, संचेती चौक, मालधक्का, नेहरू रस्ता, सेव्हन लव्हज चौक, मार्केट यार्ड, मित्रमंडळ, म्हात्रे पूल आणि पुन्हा नळ स्टॉप! पेन्सिल फिरवली तर पेठांभोवती गोल पूर्ण झाला! एवढंच ध्यानात ठेवायचं : गोलावर गाडी, गोलाच्या आत पाय. आणि गाडी लावायची ती गोलाच्या बाहेर, कारण बंद रस्त्यांना जोडणाऱ्या गल्ल्यांतही पहिल्या 100 मीटरपर्यंत गाडी उभी करायला मनाई असते.

मग मी माझंच गणित मांडलं. मी येणार कोल्हापूरकडून एसटीने, उतरणार स्वारगेटला. स्वारगेट म्हणजे जेधे चौक, आणि शिवाजी रस्त्याचा बंद तिथपर्यंत, टिळक रस्त्याचा बंद तिथूनच! म्हणजे रिक्षा विसरा. मावसभाऊ उभा राहणार फडके हौदाजवळ, म्हणजे लक्ष्मी रस्त्याच्या उत्तरेला. आणि मी दक्षिणेला. मधे मिरवणूक! आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणते, "रस्तो बंद हा तर जातलंस कसो?"

आणि मग उत्तर सापडलं. जमिनीखालून! सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो धावते. स्वारगेट, मग मंडई, मग कसबा पेठ. मंडई स्थानक लक्ष्मी रस्त्याच्या अलीकडे, कसबा पेठ पलीकडे! वर ढोल वाजताहेत, एका पावलाचीही वाट नाही, आणि खालून गाडी दोन मिनिटांत पलीकडे! मी कसबा पेठेत वर आलो तर समोर भाऊ! "रे, तू आधी पोचलंस?" म्हणून तोच चकित! फक्त एक सांभाळा. गर्दी वाढली की कुठल्या स्थानकात चढायचं आणि कुठे उतरायचं, हे बदलू शकतं, तेव्हा त्या दिवशीची मेट्रोची सूचनाही बघा.

आणि हो, जुनी यादी जपून ठेवू नका! वेळा बदलतात. 2025 मध्ये मिरवणूक तासभर आधी, साडेनऊलाच निघाली. दगडूशेठ हलवाई गणपती पूर्वी मध्यरात्रीनंतर मार्गावर यायचा, तो 2023 पासून दुपारी चारच्या सुमाराला येतो. जुन्या सवयीने रात्री जाऊन उभे राहाल आणि बाप्पा केव्हाच गेलेले असतील!

म्हणून सांगतो, पुढच्या चतुर्दशीला त्याच वर्षीची यादी घ्या. आधी रस्त्याचं नाव वाचू नका, वेळ वाचा. सगळ्यांत लवकर बंद होणारा रस्ता म्हणजे मिरवणुकीची सुरुवात, सगळ्यांत उशिरा बंद होणारा म्हणजे शेवट. मधे कुठे उभं राहायचं ते ठरवा, गाडी गोलाबाहेर ठेवा आणि चालत या!